तेलाच्या डब्याचा दर आणि चार्टमधले खांब: पुरवठादाराचा कागद कसा तपासायचा

जानेवारी 2025 मधली गोष्ट. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर आमचं किराण्याचं दुकान आहे. खरेदीचं सगळं पूर्वी सासरे, म्हणजे आमचे नाना, बघायचे. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून गल्ल्यावर मी बसते आणि नाना मागे खुर्चीवर बसून लक्ष ठेवतात. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असताना, एक नवीन सेल्समन आला. गोड तेलाचा पुरवठा करणाऱ्या एका फर्मचा. मुलगा सभ्य होता, बोलायला नीट होता. त्याने काउंटरवर दोन रंगीत पानं ठेवली आणि म्हणाला, "ताई, फक्त हा चार्ट बघा. मला काही बोलायचीही गरज नाही."

पहिल्या पानावर दोन खांब होते, शाळेत शिकलेल्या स्तंभालेखासारखे. लाल खांब उंच, त्यावर लिहिलेलं 'सध्याचा पुरवठादार ₹2,160'. शेजारी हिरवा खांब, लालच्या पाव उंचीचा, त्यावर 'आमचा दर ₹2,040'. महिन्याला आमच्याकडे सोयाबीन तेलाचे साधारण वीस डबे जातात. त्याने लगेच कॅल्क्युलेटरवर दाखवलं: डब्यामागे 120 रुपये, वीस डब्यांचे 2,400. माझा हात ऑर्डरच्या वहीकडे गेला होता, हे खरं आहे.

पुढे काय झालं ते मी पायरी पायरीने लिहिते आहे, कारण दुकानात नव्याने बसणाऱ्या प्रत्येकासमोर असा कागद कधी ना कधी येतो. तेलाच्या जागी साबण असेल, चहा असेल, बिस्किटं असतील. तपासायची रीत तीच.

हाताशी काय ठेवायचं

- गेल्या सहा महिन्यांची खरेदीची बिलं, निदान ज्या मालाची बोलणी चालली आहेत त्या मालाची
- फूटपट्टी आणि कॅल्क्युलेटर
- चौकटीची वही, मुलांची गणिताची चालेल
- वैधमापनचा शिक्का असलेला आपला वजनकाटा
- ज्या मालाचा दर सांगताहेत त्याचा एक प्रत्यक्ष नग किंवा त्याच्या लेबलचा स्पष्ट फोटो

बिलांशिवाय बाकी सगळं असून उपयोग नाही. चार्टमधला 'सध्याचा पुरवठादार' म्हणजे तुमचा पुरवठादार असतोच असं नाही. आमच्या बाबतीत 2,160 हा आकडा बरोबर निघाला, मशीद बंदरच्या आमच्या घाऊक दुकानाचं बिल तेवढंच होतं. तो आकडा बरोबर होता म्हणूनच मी फसणार होते. एक गोष्ट ओळखीची निघाली की माणूस पुढचं तपासत नाही.

1. कागद ठेवून घ्या, त्याच बैठकीत हो म्हणू नका

सेल्समनच्या टॅबवरचा चार्ट मोजता येत नाही. बोटाने तो लहानमोठा होतो, पान सरकतं आणि समोरचा माणूस बोलत असतो. छापील पान मागा. नसेल तर मोबाइलवर फोटो घ्या, पण सरळ वरून, पूर्ण पान येईल असा. तिरक्या फोटोत उंची बदलते. "उद्या दुपारी या, घरात विचारून सांगते" एवढं म्हणणं पुरतं. आजच्या दिवसापुरताच दर आहे असं कोणी म्हणालं तर तेलाच्या बाबतीत ते खरंही असू शकतं, घाऊक भाव रोज हलतो. पण आज एका डब्यामागे चार रुपये जास्त गेले तरी चालतील, वर्षभराचा पुरवठादार घाईत ठरवू नका.

2. खांब कुठून उभा केलाय ते आधी बघा

नानांनी चष्मा लावला, पान हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दोन हजार चाळीस हे दोन हजार एकशे साठच्या पाव कसे?"

इतका साधा प्रश्न मला का सुचला नाही, याचा मी नंतर बराच विचार केला. खांब बघताना आपण आकडा वाचत नाही, उंची वाचतो. खांबाची लांबी म्हणजेच रक्कम, असं डोळा धरून चालतो. म्हणून खांबांचा चार्ट शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. तो मधूनच सुरू केला तर आकडे खरे राहतात आणि लांब्या खोट्या होतात.

आमच्या पानावर डावीकडच्या उभ्या रेषेवर आकडेच नव्हते. ही पहिली खूण. उभ्या रेषेवर आकडे असतील तर सगळ्यात खालचा आकडा वाचा. तो शून्य नसेल तर खांबांच्या उंचीकडे बघू नका, फक्त वर लिहिलेले आकडे घ्या. कधी कधी रेषेच्या तळाशी छोटीशी नागमोडी खूण असते. तिचा अर्थ इथे मधला भाग कापला आहे. ती खूण देणाऱ्याने निदान सांगितलं तरी आहे.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. असा चार्ट नेहमी मुद्दाम केलेला नसतो. एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये आकडे एकमेकांच्या जवळ असले की तो उभी रेषा आपणहून शून्याच्या वरून सुरू करतो. चार्ट बनवणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण त्याचा माल त्यात छान दिसतो. तुम्हाला स्वतः चार्ट करून बघायचा असेल तर उभ्या रेषेवर उजवी क्लिक करून `Format Axis` उघडा आणि `Minimum` मध्ये 0 टाका. त्याच दोन आकड्यांचे खांब जवळजवळ सारखे होतील.

3. फूटपट्टीने कापलेला भाग शोधा

खालचा आकडा छापलेला नसला तरी तो काढता येतो, आणि हे काम पाच मिनिटांचं आहे. मी लेकीच्या कंपासमधली फूटपट्टी आणली. लाल खांब 8 सेंटिमीटर भरला, हिरवा 2.

आता हिशोब असा. उंचीतला फरक 6 सेंटिमीटर, दरातला फरक 120 रुपये. म्हणजे एका सेंटिमीटरला 20 रुपये. हिरवा खांब 2 सेंटिमीटरचा, म्हणजे त्यात फक्त 40 रुपये दाखवलेत. 2,040 मधून 40 गेले, राहिले 2,000. चार्टचा तळ शून्य नव्हता, 2,000 होता. दोन हजार रुपयांचा भाग पानाच्या खाली गडप.

तो भाग केवढा मोठा असतो हे नानांनी मला खडूने दाखवलं. 20 रुपयांना एक सेंटिमीटर याच मापाने पूर्ण खांब काढायचा तर 2,160 रुपयांचा खांब 108 सेंटिमीटरचा होतो आणि 2,040 चा 102 चा. त्यांनी शटरच्या आतल्या चौकटीवर जमिनीपासून टेप लावला आणि दोन रेघा मारल्या. दोन्ही माझ्या कमरेच्या जरा वर, एकमेकींपासून सहा सेंटिमीटरवर. मी चार पावलं मागे गेले तर कुठली वरची हे बघायला नीट लक्ष द्यावं लागत होतं. पानावर जो चौपट फरक दिसत होता तो चौकटीवर एवढासा होता.

टक्क्यांत सांगायचं तर 2,160 वर 120 म्हणजे साडेपाच टक्के. चित्रात हिरवा खांब लालपेक्षा 75 टक्के छोटा होता. 75 ला 5.5 ने भागलं तर जवळपास 13.6. फरक तेरापटीहून जास्त फुगवून दाखवला होता. हा भागाकार प्रत्येक चार्टला करता येतो: डोळ्याला दिसणारा फरक भागिले खरा फरक. उत्तर एकच्या आसपास आलं तर चित्र सरळ आहे.

टेप, खडू जमत नसेल तर चौकटीच्या वहीत काढा. 100 रुपयांना एक चौकट धरा. एक खांब साडेएकवीस चौकटींच्या जरा वर, दुसरा वीस चौकटी आणि अर्ध्याच्या जरा खाली. मी काढलेलं पान अजून त्या वहीत आहे.

लक्षात घ्या, एवढं करून झालं तरी साडेपाच टक्के स्वस्त म्हणजे स्वस्तच. किराण्यात साडेपाच टक्के ही लहान गोष्ट नाही, तेलावर तर तेवढं सुटतही नाही. पुष्कळ जण इथे थांबतात. "चार्ट फुगवलेला आहे, पण दर तर कमीच आहे ना" असं म्हणून ऑर्डर देतात. मीही दिली असती. पण नानांनी विचारलं, "डबा कितीचा?"

4. 'डबा' हे माप नाही: किलो की लिटर ते बघा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

तेलाचा डबा 15 किलोचाही येतो आणि 15 लिटरचाही. दोन्ही पत्र्याचे, शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही, बोलताना दोन्हींना 'पंधराचा डबा' म्हणतात. पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. तुमच्या दुकानातली एक लिटरची पिशवी उलटून बघा, बहुतेक पिशव्यांवर लिटरसोबत हे वजन छापलेलं असतं. म्हणजे 15 लिटर तेलाचं वजन 13 किलो 650 ग्रॅम. किलोच्या डब्यापेक्षा ते 1 किलो 350 ग्रॅमने कमी.

चार्टवर दोन्ही खांबांखाली फक्त 'प्रति डबा' लिहिलेलं होतं. मशीद बंदरचा आमचा डबा 15 किलोचा. दुसऱ्या दिवशी तो मुलगा नमुन्याचा डबा घेऊन आला तेव्हा लेबलच्या एका बाजूला, बारीक अक्षरात, 15 लिटर आणि 13.65 किलो असं दोन्ही होतं. लेबलवर काहीच लपवलेलं नव्हतं. लपवलेलं होतं ते चार्टवर.

तरी मी काट्यावर ठेवून बघितला. भरलेला डबा 14 किलो 610 ग्रॅम. हा आकडा बघून निव्वळ तेल समजू नका, त्यात पत्रा आहे. तशाच आकाराचा रिकामा डबा तोलला, तो 970 ग्रॅम भरला. वजाबाकी 13 किलो 640 ग्रॅम. दहा ग्रॅम इकडेतिकडे, म्हणजे लेबल खरं होतं. रिकामा डबा त्याच प्रकारचा घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचा पत्रा कमीजास्त जाड असतो.

आता दर किलोवर आणला.

आमचा जुना: 2,160 ÷ 15 = 144 रुपये किलो.
नवीन: 2,040 ÷ 13.65 = 149 रुपये 45 पैसे किलो.

स्वस्त दिसणारा माल किलोमागे जवळजवळ साडेपाच रुपयांनी महाग होता. खांब किलोवर काढले असते तर हिरवा लालच्या वर गेला असता.

महिन्याचा हिशोबही उलटला. आमच्याकडे वीस डबे म्हणजे 300 किलो तेल जातं, त्याचे 43,200 रुपये होतात. तेवढंच तेल लिटरच्या डब्यांतून घ्यायचं तर वीस नाही, बावीस डबे लागतात, आणि त्यांचे 44,880. म्हणजे 2,400 वाचायच्या ऐवजी 1,680 जास्त जाणार होते.

इथे तुमच्या मनात एक प्रश्न येईल, माझ्याही आला. मी तर डबे विकते, किलो नाही. सुट्टं तेल विकायला मनाई आहे, सीलबंद डबा घेतला तसा गिऱ्हाइकाला जातो. मग माझे डब्यामागे 120 वाचले की झालं, आतलं तेल कमी असलं तर माझं काय जातं?

आमच्याकडून डबे कोण नेतं ते सांगते. दोन पोळीभाजी केंद्रं, एक खानावळ आणि नाक्यावर वडापावची गाडी लावणारे काका. काकांना दिवसाला साधारण पाच किलो तेल लागतं. पंधरा किलोचा डबा त्यांना तीन दिवस बरोबर पुरतो, रविवारी उघडला की मंगळवारी रात्री संपतो, बुधवारी सकाळी ते नवीन न्यायला येतात. साडेतेरा किलोचा डबा मंगळवारी संध्याकाळी ऐन गर्दीत संपला असता. वडे तळायला टाकायची वेळ आणि डबा रिकामा. काका दर लिहून ठेवत नाहीत, पण तेल किती दिवस पुरतं हे त्यांना कढईवरून कळतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं असतं. माझे 120 रुपये त्यांच्या तेलातून आले असते.

म्हणून दर नेहमी गिऱ्हाईक ज्या मापाने माल संपवतं त्या मापावर आणा. तेल किलोवर, चहा किलोवर, कपड्याचा साबण दर 100 ग्रॅमवर. पिशव्यांच्या बाबतीत तर आणखी जपा. एक लिटरच्या पिशवीशेजारी 850, 800, 750 ग्रॅमच्या पिशव्याही येतात आणि चार्टवर सगळ्यांना 'पाऊच' म्हटलेलं असतं.

'दहावर एक मोफत' अशा योजनेचाही हिशोब इथेच करून टाका. दहाच्या पैशांत अकरा नग मिळाले तर सूट 10 टक्के नाही, 9.09 टक्के पडते. अकराने भागा, दहाने नाही.

5. रेषेचा चार्ट असेल तर पहिला महिना बघा

दुसऱ्या पानावर खांब नव्हते, दोन रेषा होत्या. लाल रेषा 'बाजारभाव', ती चढत गेलेली. हिरवी रेषा 'आमचा दर', जवळजवळ आडवी. वर ठळक अक्षरात लिहिलेलं की बाजार चढला तरी आम्ही दर वाढवत नाही.

आधी हे सांगते की रेषेचा चार्ट शून्यापासून सुरू झाला नाही तरी चालतं. तिथे आपण लांबी बघत नाही, चढउतार बघतो. 2,000 आणि 2,200 च्या मध्ये हलणारा भाव शून्यापासून काढला तर काहीच दिसणार नाही. म्हणून खांबांचा नियम रेषेला लावून भांडू नका. रेषेत बघायची गोष्ट वेगळी आहे: दोन्ही रेषा एकाच महिन्यापासून सुरू होतात का?

लाल रेषा ऑगस्ट 2024 पासून होती. हिरवी ऑक्टोबर 2024 पासून. मधले दोन महिने हिरवी रेषाच नव्हती, आणि ते पटकन नजरेत येत नव्हतं कारण खालची महिन्यांची नावं फिकट रंगात होती.

त्या दोन महिन्यांत काय झालं हे तेल विकणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, रिफाइंडवर 12.5 वरून 32.5 टक्के. आपल्याकडचं बरंच खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे भाव सगळ्यांचेच उडाले. नाना तेव्हा रोज सकाळी मशीद बंदरला फोन लावायचे आणि रोज नवा आकडा ऐकायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं आम्हीच वाढवतोय, गणपती उठतात न उठतात तोच दर बदलले होते.

माझ्या बिलांत 15 किलोचा डबा ऑगस्टमध्ये 1,720 ला होता, ऑक्टोबरमध्ये 2,110 ला आणि जानेवारीत 2,160 ला. ऑगस्टपासून मोजलं तर 25 टक्क्यांहून जास्त वाढ. ऑक्टोबरपासून मोजलं तर सव्वादोन टक्क्यांच्या जरा वर. त्यांची स्वतःची हिरवी रेषा ऑक्टोबरमध्ये 2,010 आणि जानेवारीत 2,040, म्हणजे दीड टक्का. एकाच महिन्यापासून बघितलं तर दोन्ही रेषा जवळजवळ समांतर. शुल्काचा चढ त्यांनीही घेतलाच असणार, फक्त त्यांची रेषा तो चढ संपल्यावर सुरू होत होती.

हे तपासायला बिलं लागतात, म्हणूनच मी सुरुवातीला बिलांवर जोर दिला. तारखेप्रमाणे फाइल लावलेली असेल तर दहा मिनिटांत होतं. आमची फाइल नानांची आहे, प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात त्यांनी शाईने किलोचा दर लिहिलेला. मला आधी ती त्यांची सवय वाटायची.

असाच कागद उलट्या दिशेनेही येतो. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. त्यानंतर कोणी दाखवलं की 'आम्ही दर उतरवले', तर त्याच महिन्यांत तुमच्या जुन्या पुरवठादाराचं बिल किती उतरलं ते शेजारी ठेवा.

6. प्रश्न विचारा, पण माणसाला दोषी धरू नका

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलासमोर वहीचं पान ठेवलं आणि किलोचे दोन आकडे दाखवले. तो ते दोनदा वाचून म्हणाला, "ताई, चार्ट ऑफिसमधून येतो. मला सांगितलंय हे पान दाखवायचं." मला ते खरं वाटलं. नाना म्हणाले, "बाळा, तुझं काही नाही. तुझ्या साहेबांना सांग, किलोवर दर दे." त्याला पाणी दिलं, तो बसला आणि तिथूनच त्याने फोन लावला.

काय मागायचं ते नेमकं ठेवा. मी त्याच्याकडून कागदावर एवढं लिहून घेतलं:

- निव्वळ किती किलो आणि किलोचा दर
- जीएसटी धरून की वेगळा (खाद्यतेलावर 5 टक्के)
- दुकानापर्यंत पोहोच आणि हमाली कोणाची
- पैसे रोख की किती दिवसांनी
- हा दर किती तारखेपर्यंत

जीएसटीची ओळ विसरू नका. एका खांबात कर धरलेला आणि दुसऱ्यात नाही, हा घोटाळा आमच्या पानावर नव्हता, दोन्ही दर करासहित होते. पण तो असता तर 2,040 चे थेट 2,142 झाले असते.

किंमत बोलण्याआधी स्वतःचा एक आकडा काढून ठेवा. माझा असा होता: 144 रुपये किलोने 15 लिटरचा डबा मला 1,965 च्या आत मिळाला तरच तो आताच्या बरोबरीचा. 13.65 गुणिले 144. हा आकडा वहीत असला की समोरच्याने 2,040 वरून 2,000 केले तरी आपण हुरळून जात नाही.

फोनवरून उत्तर आलं की लिटरच्या डब्यात एवढं कमी करता येणार नाही, पण 15 किलोचा डबा ते 2,145 ला देतील, करासहित, दुकानात पोहोच. म्हणजे 143 रुपये किलो. हा दर खरोखर आमच्यापेक्षा एक रुपयाने कमी होता. वीस डब्यांवर महिन्याला 300 रुपये.

पण त्यांना पैसे रोख हवे होते. मशीद बंदरला आम्हाला पंधरा दिवसांची मुदत आहे, आणि सप्टेंबरमध्ये भाव उडाले तेव्हाही त्यांनी आधी बोललेले सहा डबे जुन्या दराने दिले होते. ते कुठल्याही चार्टवर येत नाही. मी सोळा डबे तिथेच ठेवले आणि नवीन फर्मकडून चार घेतले, किलोचे. प्रत्येक डबा उतरवताना काट्यावर ठेवला. चारही 15 किलोच्या वर भरले, पत्रा वजा करून.

त्यातला एक बुधवारी सकाळी वडापाववाल्या काकांनी नेला. पुढच्या शनिवारी ते परत आले, नेहमीच्याच वेळी.